तीन सेंटिमीटरचा मंडप

भाचीच्या लग्नातला तो फोटो अजून माझ्या हार्ड डिस्कमध्ये आहे. तिरोड्याचा मंडप, एप्रिलची दुपार, नवरी पाटावर बसलेली, मान किंचित खाली. मुंडावळीचा एकेक मोती मोजता येईल इतका स्वच्छ आला आहे. मोत्यांच्या मागचे डोळे मात्र लोण्यासारखे मऊ. लॅपटॉपवर तिनं तो पाहिला आणि म्हणाली, "मामाजी, मोती तं मस्त आले, पण मी कुठं आहो?"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी डोळ्यावर छोटा चौकोन दिसत होता. चौकोन डोळ्यावर म्हणजे फोकस डोळ्यावर, असं मी धरून चाललो होतो. चूक तिथंच झाली. ती नेमकी कोणती चूक होती, हे कळायला मला दोन हंगाम लागले.

आधी अंतराचा हिशोब पाहू. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमीची लेन्स, छिद्र एफ १.८ आणि नवरी दीड मीटरवर. मंडपात याहून मागं सरायला जागाच नसते, पाठीला वऱ्हाडी टेकलेले असतात. या मापांत नेहमीच्या सूत्रानं फोकसची खोली सुमारे ३.२ सेंटिमीटर निघते. म्हणजे डोळ्याच्या पुढं साधारण दीड सेंटिमीटर आणि मागं दीड. तीही उदार बाजूनं धरलेली, कारण ते सूत्र लहान प्रिंट हातभर अंतरावरून बघणाऱ्यासाठी आहे. १२ बाय ३६ इंचांच्या करिझ्मा अल्बमच्या पानावर चेहरा पसरला की डोळ्याला पटेल अशी खोली त्याहून कमी उरते.

आता या सव्वातीन सेंटिमीटरमध्ये काय काय बसवायचं ते बघा. माणसाच्या दोन बुबुळांमध्ये साधारण सहा-सव्वासहा सेंटिमीटर अंतर असतं. नवरीनं मान ४५ अंशांत वळवली की मागचा डोळा पुढच्या डोळ्यापेक्षा जवळपास साडेचार सेंटिमीटर लांब जातो. म्हणजे पुढच्या डोळ्यावर फोकस अचूक बसला तरी मागचा हातचा गेला. दोन्ही डोळे स्वच्छ हवे असतील तर छिद्र एफ ५ च्या आसपास न्यावं लागेल, किंवा नवरीला समोर बघायला सांगावं लागेल. यावर कुठलाही कॅमेरा इलाज करू शकत नाही. 'आय डिटेक्शन घेतलं तरी एक डोळा सॉफ्ट येतो' अशी तक्रार ऐकली की मी आधी मानेचा कोन विचारतो.

तिसरी गोष्ट शरीराची. उभा माणूस स्थिर नसतो. श्वासाबरोबर फोटोग्राफर पुढंमागं डुलतो, नवरी डुलते, आणि दोघांचं डुलणं मिळून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सहज होतं. जुनी पद्धत अशी की शटर अर्धं दाबायचं, 'पीप' ऐकायचं, मग हसण्याची वाट बघायची आणि पूर्ण दाबायचं. पीप ते क्लिक या दीड-दोन सेकंदांत फोकस जिथं होता तिथंच राहतो आणि माणसं सरकतात. एफ ५.६ ला हे कधी लक्षातही आलं नसतं.

याच अडचणीतून दोन वेगवेगळ्या वाटा निघाल्या, एक अंगठ्याची आणि दुसरी डोळा ओळखण्याची. कोनिकानं १९७७ साली पहिला ऑटोफोकस कॉम्पॅक्ट बाजारात आणला, १९८५ मध्ये मिनोल्टाच्या एसएलआरमध्ये ऑटोफोकस आतच बसवलेला आला. दोन्हींत फोकस कुठं करायचा ते माणूस ठरवायचा. कॅननच्या १९८९ च्या ईओएस ६३० मध्ये एक छोटी सोय आली. फोकस करण्याचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बाजूच्या बटणाकडे, अंगठ्याकडे देता येऊ लागलं. आज त्यालाच आपण बॅक बटण फोकस म्हणतो. ही सोय पोर्ट्रेटवाल्यांच्या आधी खेळ आणि पक्षी टिपणाऱ्यांनी उचलली. आमच्या तालुक्यातल्या चोरखमाऱ्याच्या गेटवरून नागझिऱ्यात जाणाऱ्या पक्षीवाल्यांचा अंगठा बघा, तो कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटलेला दिसेल. फांदीमागं पाखरू दडलं की अंगठा उचलायचा, उडालं की दाबायचा.

गंमत म्हणजे १९९२ मध्ये कॅननच्या ईओएस ५ नंही 'डोळ्यानं फोकस' आणला, पण तो फोटोग्राफरच्या डोळ्यानं. व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्ही जिकडे बघाल तो बिंदू कॅमेरा निवडायचा. समोरच्या माणसाचा डोळा स्वतः ओळखणारी सोनीची सोय २०१३ च्या ए७ मध्ये आली, आणि २०१९ मध्ये ती वेगळं बटण न दाबता सतत चालू लागली. त्याच वर्षी निकॉनच्या झेड६ आणि झेड७ लाही फर्मवेअरमधून ती मिळाली. 'चेहरे' काढणारे गौतम राजाध्यक्ष २०११ मध्ये गेले, म्हणजे डोळा ओळखणारी ही सोय यायच्या आधी. तेव्हा यंत्राशिवाय डोळा स्वच्छ येतच नाही असं कुणी सांगू लागलं तर ऐकू नका.

आता माझ्या चुकीकडे येतो. मिररलेस कॅमेरा सेन्सरवरचं चित्र सेकंदातून कितीतरी वेळा वाचतो. आधी डोकं शोधतो, मग चेहरा, मग डोळा. हे काम चित्र ओळखण्याचं आहे. डोळा सापडला की त्या जागेवरचे फेज डिटेक्शनचे पिक्सेल अंतराचा अंदाज घेतात आणि लेन्सला पुढं किंवा मागं सरकवतात. हे काम मोजण्याचं आहे. डोळा शोधणं वेगळं आणि अंतर मोजणं वेगळं. चौकोन पहिल्या कामाची पावती देतो, दुसऱ्याची नाही.

माझ्या फोटोत चौकोन डोळ्यावरच होता, पण त्याच चौकोनाच्या आत मुंडावळीची लड लोंबत होती, डोळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढं. मोती पांढरे, चकचकीत, कडा धारदार. काजळ घातलेला डोळा सावलीत. मोजणाऱ्या पिक्सेलना जास्त कडा मोत्यांवर मिळाल्या आणि लेन्स पुढं आली. कमी उजेडातही असाच घोळ होतो, डोळा ओळखला जातो पण माप डळमळतं. लांब पापण्यांवर आणि चष्म्याच्या फ्रेमवरही हेच घडतं. जुन्या डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून काम करताना तर हा चौकोन बहुधा नसतोच, कारण तिथला फोकसचा भाग वेगळा असतो आणि त्याला चित्र दिसत नाही, फक्त ठरावीक बिंदू दिसतात.

मुंडावळीवर माझा उपाय साधा आहे. मी डावीकडे किंवा उजवीकडे अर्धं पाऊल सरकतो, म्हणजे लड डोळ्यावरून हटून गालावर जाते. कॅमेऱ्यात डावा-उजवा डोळा निवडायची सोय असेल तर ज्या डोळ्यासमोर लड नाही तो निवडतो. मग तीन-चार फ्रेम सलग.

अंगठ्याचं काम अंतरपाटाला कळतं. मंगलाष्टकं चालू आहेत, पाट वर आहे, वरच्या काठावरून नवरीचे डोळे दिसतात. कॅमेरा सतत फोकसवर, म्हणजे `AF-C` वर आहे (कॅननमध्ये त्याचं नाव `Servo AF`). अंगठा `AF-ON` वर दाबलेला आहे तोवर चौकोन डोळ्याबरोबर फिरतो आणि डुलण्याचा हिशोब कॅमेरा स्वतः सांभाळतो. पाट हलतो, डोळे झाकतात. या क्षणी अंगठा दाबूनच ठेवला तर कॅमेरा बहुधा कापडाकडे धावतो, आणि पाट खाली आल्यावर तिथून परत यायला वेळ घेतो. तोच वेळ महत्त्वाचा असतो. म्हणून डोळा झाकला की अंगठा उचलायचा. लेन्स जिथं होती तिथं थांबते. पाट पडला, अक्षता उडाल्या, डोळा दिसला की अंगठा पुन्हा खाली. लेन्सला आता जेमतेम सेंटिमीटरचीच दुरुस्ती करायची असते. शटर या सगळ्यात फक्त शटर राहतं, ते दाबल्यानं फोकस ढळत नाही.

मेनूतली खूण प्रत्येक कंपनीची वेगळी. सोनीत `AF w/ Shutter` बंद करायचं, निकॉनमध्ये `AF activation` मधून `AF-ON only` घ्यायचं, कॅननमध्ये शटरच्या अर्ध्या दाबाला `Metering start` एवढंच काम द्यायचं. हे करताना फोकस आधी की क्लिक आधी ही सेटिंगही बघून घ्या. क्लिकला प्राधान्य असेल तर फोकस लागो न लागो, फोटो निघतो.

बॅक बटणानं फोटो शार्प होतो, हा समज मी ठिकठिकाणी ऐकतो. तो खोटा आहे. अंगठ्यानं मधल्या बिंदूवर फोकस करून, मग कॅमेरा वळवून चौकट बसवली तर फोकसचं प्रतलही वळतं आणि डोळ्याच्या मागं पडतं. ८५ मिमीला दीड मीटरवरून आठ अंश वळलात तर चूक जवळपास दीड सेंटिमीटर, म्हणजे पुढच्या बाजूची सगळी सवलत संपली. डोळा कडेला असतानाच चौकोन तिथं असला पाहिजे, आणि ते काम आय डिटेक्शन करतं. एक शोधतं, दुसरं कधी शोधायचं ते ठरवतं. एकाशिवाय दुसरं अर्धंच.

दुसरी फजितीही सांगून टाकतो. वरातीत मी कॅमेरा पुतण्याच्या हातात दिला आणि पाणी प्यायला गेलो. त्याला अंगठ्याचं सांगायचं विसरलो. ऐंशी फोटो, सगळे एकाच अंतरावर, त्या अंतरावर एक बँडवाला होता. कॅमेरा दुसऱ्याला देताना शटरवरचा फोकस परत चालू करून द्या.

फोटो सॉफ्ट आला की लगेच फोकसला दोष देऊ नका. लॅपटॉपवर १०० टक्के मोठा करून फ्रेममध्ये स्वच्छ काय आहे ते शोधा. मोती, नाकाचं टोक किंवा पुढं आलेली नथ धारदार असेल तर फोकस पुढं पडला. कान किंवा मागचा अंबाडा धारदार असेल तर मागं. कुठंच काही धारदार नसेल आणि प्रत्येक कड एकाच दिशेनं दुहेरी दिसत असेल तर हात किंवा माणूस हलला. तिथं शटरचा वेग १/२५० च्या वर न्यायला हवा, ऑटोफोकसच्या सेटिंगला हात लावू नका.

बोदलकसा तलावावर प्री-वेडिंगसाठी येणारी जोडपी मोकळ्या उजेडात, मान वळवायला सांगितली तर ऐकणारी, दहा वेळा थांबणारी. तिथं मी अजूनही एफ १.८ वापरतो. मंडपात दुसरी वेळ मिळत नाही. धाकट्या भाचीचं लग्न झालं तेव्हा तीच लेन्स, तेच दीड मीटर, अंगठा `AF-ON` वर आणि छिद्र एफ २.८. खोली झाली पाच सेंटिमीटरच्या जवळ. मुंडावळी थोडी मऊ आली, डोळे स्वच्छ आले, आणि मागचा मंडप एफ १.८ इतका विरघळला नाही, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.