खिमा कोरडा झाला, पण शिजला का?

कढईत खिमा पडला की पहिल्यांदा जोराची चर्र होते आणि लगेच विरते. थंड मांसाने कढई गार केलेली असते. मग चार-पाच मिनिटांत खिम्यालाच पाणी सुटतं आणि कढईतून रटरट ऐकू येऊ लागते. हे पाणी आटलं की रटरट थांबते आणि पुन्हा चर्र सुरू होते, या वेळी तेलातली. खिमा परतण्याचा हात बसलेल्या बायाबापड्या घड्याळापेक्षा या बदलत्या आवाजाकडेच कान देतात, आणि त्यांचं बरोबर असतं. फक्त या आवाजाने पाणी संपल्याचं कळतं. मांस आतपर्यंत शिजल्याची खात्री वेगळी करून घ्यावी लागते.

मटणाच्या तुकड्यापेक्षा खिम्याची जास्त काळजी का घ्यायची, याचं कारण खाटकाच्या यंत्रात आहे. अखंड तुकड्यावर जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात आणि कढईची आच आधी तिथेच लागते. खिमा करताना मात्र बाहेरची बाजू आत जाते, आतली बाहेर येते, आणि जे पृष्ठभागावर होतं ते कणाकणात मिसळतं. 1993 साली अमेरिकेच्या पश्चिम भागात अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली. 700हून अधिक माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. तिथल्या कृषी खात्याने बकरी, मेंढी, गाय किंवा डुक्कर यांच्या खिम्यासाठी आतलं तापमान 71 अंश सेल्सियस ठरवलं आहे. कोंबडीच्या खिम्यासाठी ते 74 अंश आहे.

आता अर्धा किलो बोकडाचा खिमा घेऊ. कढई किंवा पॅन पसरट हवं, म्हणजे वाफ सुटायला जागा मिळते. तीन चमचे तेलात दोन मध्यम कांदे मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, बदामी होईपर्यंत परतायचे. आलं-लसणाचं वाटण घालून मिनिटभर हलवायचं, मग आच मोठी करून खिमा सोडायचा.

पुढची दोन-तीन मिनिटं हात थांबवायचा नाही. लाकडी उलथन्याच्या कडेने खिमा दाबून, कापून, मोकळा करायचा. गुठळी फुटते ती याच वेळात. एकदा बाहेरून आळली की मग तिला फोडणं जिवावर येतं. रंग गुलाबीवरून करडा होत जातो. सुटलेलं पाणी आधी गढूळ, लालसर असतं, उकळी आली की वर करडा फेस धरतं. आच मोठीच ठेवायची. अर्धा किलोला साधारण दहा-बारा मिनिटांत हे पाणी आटतं. आवाज बदलतो, कडेला तेल चमकू लागतं, आणि करडा खिमा तपकिरी होऊ लागतो. पाणी असेपर्यंत कढईतली उष्णता 100 अंशांच्या वर जात नाही, म्हणून खरपूस वास पाणी गेल्यावरच येतो. तो येईपर्यंत दोन-तीन मिनिटं आणखी परतायचं.

त्यानंतर आच मंद करून हळद, तिखट, मसाला, मीठ आणि एक चिरलेला टोमॅटो घालायचा. टोमॅटो गळला की अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवायचं आणि मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं शिजू द्यायचं. हा वेळ मऊपणासाठी आहे, कारण बोकडाच्या खिम्यात चिवट पडदे आणि शिरांचे बारीक तुकडे राहतात. शेवटी झाकण काढून मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं पाणी आटवायचं. उलथन्याने कढईच्या तळाशी एक रेघ ओढून पाहावी. रेघ पुन्हा पाण्याने भरली, तर खिमा अजून ओला आहे. रेघ मोकळी राहिली आणि कडेला नुसतं तेल दिसलं, तर सुका खिमा झाला.

फसगत होते ती बहुतेक वेळा रंगावर विसंबल्यामुळे. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या द्रव्यामुळे असतो, आणि हवा लागून राहिलेल्या मांसात ते शिजण्याआधीच तपकिरी पडतं. असा खिमा आचेवर ठेवला की फार लवकर ‘झाल्यासारखा’ दिसतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या माहितीनुसार दर चार हॅम्बर्गरपैकी एक, सुरक्षित तापमानाला पोहोचण्याआधीच आतून तपकिरी दिसतो. आपल्या कढईत तर हळद आणि लाल तिखट पडल्यावर मांसाचा मूळ रंग ओळखणंच कठीण. म्हणून मसाला घालण्याआधी, पाणी उकळत असताना नीट बघून घ्यावं.

तेव्हा बघायच्या त्या गुठळ्या. हरभऱ्याएवढा किंवा त्याहून बारीक दाणा उकळत्या पाण्यात काही मिनिटं राहिला, की 71 अंश कधीच ओलांडून जातो. लिंबाएवढ्या गोळ्याचं तसं नसतं. तो बाहेरून करडा, टणक, आतून मात्र कच्चा राहू शकतो, आणि कढईतलं पाणी आटलं तरी त्याला त्याचा पत्ता नसतो. सगळ्यांत मोठी गुठळी शोधून ती मोडून पाहावी. आत लालसर, चिकट, एकमेकांना धरून बसलेलं मांस दिसलं, तर गरम पाणी घालून पुन्हा उकळी आणावी. ज्यांच्याकडे टोकदार थर्मामीटर आहे त्यांनी खिमा कढईच्या मधोमध ढीग करून टोक त्याच्या पोटात घालावं, तळाला टेकू देऊ नये. तळाचं तापमान जास्त येतं आणि आकडा फसवतो.

फ्रीजरमधला दगडासारखा खिमा थेट कढईत टाकला, तर अशीच गुठळी हमखास होते. बाहेरचा थर शिजून वितळतो, मधला गाभा बर्फच राहतो. आदल्या रात्री तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात भांड्यात ठेवावा. दुसरी चूक पाहुण्यांच्या दिवशी होते. दोन किलो खिमा एकाच कढईत लोटला, की घरच्या शेगडीची आच पुरत नाही, पाणी आटण्याऐवजी साचतं आणि खिमा स्वतःच्याच पाण्यात उकडून रबरासारखा होतो. तो चार वेळा, अर्धा-अर्धा किलो करून परतावा आणि मग एका पातेल्यात मसाल्यासोबत एकत्र शिजवावा. कच्चा खिमा चाळणीत घालून नळाखाली धुण्यानेही कढईत पाणी वाढतं, शिवाय शिंतोडे ओट्यावर उडतात.

कोंबडीचा खिमा पाणी जास्त सोडतो आणि लवकर शिजतो. झाकून आठ-दहा मिनिटं पुरतात. तो मुळातच फिका असल्याने गुलाबीपणा गेला की नाही हे कळत नाही, तिथे गुठळी मोडणं अधिक गरजेचं. कच्च्या खिम्याचे कोफ्ते आणि सीख कबाब तर अख्खेच गुठळ्या आहेत, त्यांच्यासाठी थर्मामीटर घ्यावाच.

एक सवय बऱ्याच घरांत आहे: मसाला पडला की चमच्याच्या टोकावर घेऊन मीठ चाखायचं. झाकण ठेवून खिमा शिजल्यावरच ते चाखावं. कच्चा खिमा फोडलेलं उलथनं त्याआधी धुऊन घ्यावं, किंवा पाणी उकळू लागल्यावर दुसरं काढावं. उरलेला खिमा पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. उन्हाळ्यात, स्वयंपाकघर 32 अंशांच्या वर तापलेलं असेल, तर तासाभरातच. दुसऱ्या दिवशी पावाबरोबर खायला काढताना दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवावं आणि मधूनही वाफ निघेपर्यंत तो हलवत गरम करावा.