विद्यावेतनाचा महिना दहा तारखेला सुरू होतो

आयटीआय झालेली मुलगी लातूरहून चाकणच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून रुजू होते, तेव्हा घरच्यांना एकच आकडा माहीत असतो: महिना 12,000 रुपये. कायद्याच्या मानाने ही रक्कम बरीच आहे. 2019 मध्ये बदललेल्या नियमांनी आयटीआय उत्तीर्णांसाठी किमान विद्यावेतन 7,000 रुपये ठरवलं होतं. पण बजेट बिघडतं ते बहुतेक वेळा पैसे हातात कधी पडतात, याचा विचार न केल्यामुळे.

विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत द्यायचं, असा नियम आहे. म्हणजे 1 जुलैला कामावर लागलेल्या मुलीला पहिला पैसा दिसायला 10 ऑगस्ट उजाडू शकतो. दरम्यान काय काय भरावं लागतं, ते एका नमुन्यावरून पाहू. आकडे गावोगावी बदलतील, पण हिशेबाची पद्धत तीच राहील. कॉट बेसिसवर जागा महिना 2,500 रुपये. तिचं डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे 5,000. जुलैचं आणि ऑगस्टचं भाडं आगाऊ, आणखी 5,000. रात्रीच्या मेसचे दोन महिन्यांचे 4,000. गादी, बादली, ताट-वाटी 1,500 आणि चाळीस दिवसांचा वरखर्च काटकसरीने 2,000. बेरीज 17,500. पहिल्या विद्यावेतनाच्या आधीच दीड महिन्याचे पैसे संपलेले असतात! ही रक्कम घरून घ्यावीच लागते, आणि ती निघायच्या आधी ठरवून घेतली तर पुढे खोलीतल्या मैत्रिणींकडे उसने मागायची पाळी येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही वाटा सरकार देतं: 25 टक्के, पण जास्तीत जास्त 1,500 रुपये. हा वाटा आता उमेदवाराच्या बँक खात्यात थेट येतो. खातं आधारशी नीट जोडलेलं नसेल तर तो अडकतो. तिच्या 12,000 पैकी 1,500 असे वेगळ्या वाटेने येणार असतील, तर बजेट 10,500 चंच करायला हवं. सरकारी वाटा जमा झाल्यावरच त्याचा विचार करावा.

आता महिना लावून पाहू. दहा तारखेला पैसे आले की भाडं, वीजबिलाचे 300 आणि मेसचे 2,000 असे 4,800 रुपये त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात हलवायचे. ते पुढच्या एक तारखेला लागणार आहेत. घरून घेतलेल्या रकमेची परतफेड 1,500. रिचार्जसाठी 350, अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन घेतला तर वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात, हे लक्षात ठेवून. गावी जाण्यासाठी दरमहा 400 बाजूला. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे एवढ्यात दोन-तीन महिन्यांनी एक फेरी निघते.

हातखर्चात सगळ्यात जास्त विसरला जातो तो रविवार. दुपारचं जेवण कारखान्याच्या कँटीनमध्ये होतं, रात्रीचं मेसमध्ये. पण रविवारी कँटीन बंद, आणि तिच्या मेसलाही सुट्टी. दोन वेळच्या जेवणाला 150 धरले तर पाच रविवारांचे 750 होतात. सकाळचा चहा-पोह्यांचा खर्च 800, शेअर रिक्षा 400, साबण, पॅड, औषधगोळी 600. एकूण 2,550, म्हणजे आठवड्याला साधारण 600. हे सहाशे दर सोमवारी काढून ठेवणं महिनाभराची वही लिहिण्यापेक्षा सोपं जातं, कारण गुरुवारीच पाकीट रिकामं झालं तर चूक त्याच आठवड्यात दिसते.

सगळं धरून खर्च 9,600 वर जातो. 10,500 मधून उरतात 900.

या नऊशेवर पहिला घाला पडतो तो खाड्याचा. सणाला गावी गेलेली मुलगी तीन दिवस जास्त राहिली आणि रजा शिल्लक नसली, तर त्या दिवसांचे पैसे कापले जातात. महिना तीस दिवसांचा धरला तरी दिवसाला 400 प्रमाणे 1,200 गेले. तिकडे मेसवाल्या काकू दोन-तीन दिवसांचे खाडे सहसा धरत नाहीत. सलग पाच-सहा दिवस आणि तेही आधी सांगितलं असेल तरच पैसे वळते करतात. म्हणून मेस लावतानाच खाड्याचा नियम विचारून घ्यावा, आणि सरकारी वाट्याचे जमा होणारे पैसे दिवाळीपर्यंत न मोडता या खड्ड्यासाठी राखावेत. वर्षअखेरीस जागा सोडताना डिपॉझिट परत हवं असेल तर पावती आणि किती दिवस आधी सांगायचं ते पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. नोटीस द्यायला उशीर झाला की त्या पाच हजारांतलं एक भाडं सहज कापलं जातं.