तिथी बघा, मग बूट घाला!

सुट्टीत चार-पाच दिवस नुसतं चालायचं, असं आमच्या ग्रुपचं ठरलं. रस्ता दापोलीचा किनारा: आंजर्ले ते कोळथरे. नकाशावर अंतर जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. 'दोन दिवसांत उरकू' असं म्हणत आम्ही निघालो आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी कोरड्या वाळूत रुतलो. एकाच्या टाचेला मोठा फोड आला आणि ट्रिप एस.टी.त संपली. चूक पायांची नव्हती, प्लॅनिंगची होती.

किनाऱ्यावर चालताना अंतरापेक्षा ओहोटी महत्त्वाची. ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि त्यावर रस्त्यासारखं चालता येतं. भरतीला उरते ती वरची भुसभुशीत वाळू. तिथे पाय घसरतो, बुटात कण जातात आणि फोड येतात.

वेळ काढायचा कोकणातला हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीचा तास मिळतो. त्याच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळी सहाला. पुढे रोज पाऊण तास उशिरा. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला! हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरतीचं छापील वेळापत्रकही बघा.

आता हिवाळ्यातली पौर्णिमा धरून बसवू. पौर्णिमेला आंजर्ले ते हर्णै, सुमारे सहा किलोमीटर; वाटेतली खाडी पुलावरूनच ओलांडायची, पाण्यात उतरायचं नाही. प्रतिपदेला ओहोटी पावणेसातला: हर्णै ते मुरुड, सुमारे पाच. द्वितीयेला मुरुडलाच मुक्काम. तृतीयेला सव्वाआठला: मुरुड, कर्दे, लाडघर, दहा-अकरा. चतुर्थीला नऊला: लाडघर ते कोळथरे, साधारण तेवढंच. ओहोटीच्या दोन तास आधी ते दोन तास नंतर, एवढाच वेळ वाळूवर.

विश्रांतीचा दिवस मध्येच का? कारण टाचेची लाली कधीकधी दुसऱ्या दिवशी कळते. गरम, चुरचुरणारी जागा दिसली की लगेच चिकटपट्टी लावा आणि दुसऱ्या दिवशी पाय उघडे ठेवा, म्हणजे फोड टळण्याची शक्यता वाढते. हा दिवस 'वाचवून' पुढे जायचा मोह आवरा. आम्ही तोच वाचवला होता.

आणि एक. दोन पुळणींच्या मध्ये खडकाळ डोंगर समुद्रात घुसलेला असतो. खालून वळसा मारू नका. पाणी चढलं की मागची वाट बंद होते आणि पुढची दिसत नाही. तिथे मुकाट्याने वरचा रस्ता धरायचा, मग दोन किलोमीटर वाढले तरी चालतील.

आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी पंचांग सॅकमध्ये सगळ्यात वर असेल.