'बा' आला की नुसतं क्रियापद चालत नाही

मँडरिनमध्ये कर्म एरवी क्रियापदानंतर येतं. 'बा' लावला की ते आधी येतं, मराठीसारखं. म्हणून आपला माणूस खुशाल म्हणतो, 'वो बा शू फांग': मी पुस्तक ठेवतो. ऐकणारा मात्र पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. ठेवून पुस्तकाचं झालं काय? 'फांग त्साय च्वोत्झ शांग', टेबलावर ठेवतो, म्हटलं की वाक्य पुरं होतं. क्रियापदामागे ठिकाण, परिणाम किंवा निदान 'ल' तरी हवाच. 'आवडणं' इथे बसत नाही, कारण आवडल्याने वस्तूचं काही होत नाही.

पुस्तकही दोघांना ठाऊक असलेलं, 'ते' पुस्तक लागतं. त्याचं काय केलं हे सांगायचं असेल, तेव्हाच चिनी माणूस 'बा' वापरतो. आपल्या 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं'मधला फरक थोडाफार असाच आहे.