उरलेल्या रेनकोटचा भाव का उतरतो?

मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे. त्याच्या आसपास रेनकोटची मागणी आटते आणि दुकानदार सेलचा छोटा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकतात. त्यात ‘धमाका’ असतो, पण भाव का उतरला ते नसते. मग गिऱ्हाइकाला पहिली शंका येते ती मालात खोट असल्याची. चांगल्या व्हिडिओची सुरुवात म्हणून कारणापासूनच व्हावी.

समजा, 500 रुपये खरेदीचे 40 रेनकोट उरले आहेत. जूनपर्यंत ठेवायचे तर 20,000 रुपये आठ महिने अडकतात. वर्षाला 12 टक्के व्याज धरले तर 1,600 रुपये गेले. त्यातले पाच खराब झाले तर आणखी 2,500. म्हणजे आज 500 रुपयांचा वाटणारा नग दुकानदाराला साधारण 400 लाच पडून आहे. ‘400 च्या वर जे मिळेल ते ठेवण्यापेक्षा बरे,’ एवढे सरळ वाक्य कॅमेऱ्यासमोर पुरेसे आहे.

माल खराब का होतो, हेही सांगण्यासारखे आहे. पीव्हीसीचा रेनकोट घडी घालून उष्ण जागी ठेवला की त्यातला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतो. घड्या एकमेकींना चिकटतात आणि ओढून सोडवताना फाटतात. पॉलियुरेथेनचा थर असलेल्या कापडावर दमट हवेचा परिणाम होतो; न वापरताही थर पापुद्र्यासारखा सुटतो. छत्रीच्या काड्या गंजतात.

काही नग मात्र आजच सदोष असतात, आणि खरी परीक्षा तिथे होते. काचेत टांगलेल्या नगाचा एका बाजूचा रंग उडालेला असतो, कुणाची चेन अडते. असे नग वेगळे ठेवून दोष जवळून दाखवावा आणि त्यांचा भावही वेगळा सांगावा. उरलेली मापे फक्त एस आणि डबल एक्सएल असतील, तर तेही आधीच बोलावे. नाहीतर एल मापाचे गिऱ्हाईक उगाच फेरी मारते. शिवणीवर तांब्याभर पाणी ओतून आतली बाजू दाखवली, तर वेगळी जाहिरात लागत नाही.

लेबलवरची कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना स्पष्ट वाचता येईल इतका वेळ कॅमेरा तिथे थांबावा. नेहमी 700 ला विकलेल्या रेनकोटवर ‘900 चा 450 ला’ म्हणणे कागदोपत्री खरे असले तरी दिशाभूल करणारेच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारवाई होऊ शकते.

घेणाऱ्यानेही जपावे: रेनकोट पूर्ण वाळवून, घडी न घालता हँगरला सावलीत टांगावा, घडी घालावीच लागली तर मध्ये टाल्कम पावडर भुरभुरावी.