मावशीची कात्री आणि विमानाची दोन पोटं

मावशी शिवणकाम करते. पुण्याहून दिल्लीला लेकीकडे निघाली तेव्हा कापड बेतायची मोठी कात्री तिने हातातल्या पिशवीत ठेवली, कारण ती चाळीस वर्षं तिच्या हाताजवळच असते. क्ष-किरण यंत्रातून पिशवी पुढे सरकली आणि जवानाने ती बाजूला घेतली. तोवर मोठी बॅग काउंटरवर देऊन झाली होती, पोचवायला आलेला भाऊ निघून गेला होता आणि सामान स्वीकारायची वेळही टळली होती. कात्री तिथेच राहिली. मावशी विमानात बसली, पण तिकडे पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तीच कात्री मोठ्या बॅगेत असती तर कोणी हरकत घेतली नसती. म्हणजे प्रश्न नुसता वस्तूचा नसतो. ती तुमच्या हाताला लागेल अशी आहे की विमानाच्या पोटात बंद आहे, हे पाहिलं जातं. कात्री, सुरी, विळी, स्क्रूड्रायव्हर, क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फची काठी ही सगळी एकाच पंगतीतली. त्यांच्यापासून धोका असतो तो ती धरणाऱ्या हातामुळे. हाताबाहेर, खालच्या मालकक्षात गेली की ती निरुपद्रवी होतात. धारेची वस्तू मात्र नीट गुंडाळून ठेवायची, नाहीतर बॅग तपासणाऱ्याचा हात कापतो.

हा नियम काही कोणाच्या लहरीतून आलेला नाही. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीकडे निघालेल्या आपल्या विमानाचं अपहरण झालं, तेव्हा एका प्रवाशाला सुऱ्याने भोसकून मारण्यात आलं. ११ सप्टेंबर २००१ पर्यंत अमेरिकेत चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात चालत असे. त्या दिवसानंतर तो बंद झाला. २०१३ साली तिथल्या सुरक्षा यंत्रणेने सुमारे सहा सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याचे लहान चाकू, हॉकी स्टिक आणि दोन गोल्फच्या काठ्या पुन्हा आत न्यायला परवानगी द्यायचं ठरवलं. वैमानिकाच्या कक्षाचं दार आता भक्कम झालंय, तेव्हा तपासणीचं लक्ष चाकू शोधण्यापेक्षा स्फोटकं शोधण्याकडे असावं, असा त्यांचा युक्तिवाद होता. केबिन कर्मचाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. दार वैमानिकाला वाचवतं, आम्हाला आणि प्रवाशांना कोण वाचवणार, असं त्यांचं म्हणणं होतं. जूनमध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. मला कर्मचाऱ्यांचं म्हणणं पटतं.

लायटरचं गणित निराळं आहे. त्यात भरलेलं इंधन पेट घेऊ शकतं, म्हणून त्याला हात लागायचीही गरज नसते. मालकक्षात आग लागली तर तिथे माणूस पोचत नाही, म्हणून लायटर खालच्या बॅगेत तर जातच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रवाशाने एक लायटर अंगावर, खिशात ठेवायला सवलत आहे. भारतात ती नाही. लायटर आणि काडेपेटी केबिनमध्येही नको आणि बॅगेतही नको. म्हणून परदेशातून लायटर खिशात घेऊन मुंबईत उतरलेल्या माणसाला पुढे नागपूरच्या विमानात बसताना तो टाकावा लागतो. यात त्याची चूक काहीच नसते, नियम बदललेला असतो.

पॉवर बँक याच्या अगदी उलट. ती खाली द्यायची नाही, जवळच ठेवायची. तीही पेट घेऊ शकते, पण केबिनमध्ये धूर दिसताच कर्मचारी धावून येतात. कात्रीला माणसांपासून दूर ठेवायचं आणि बॅटरीला माणसांच्या नजरेसमोर, असा हा फरक आहे. विमानात जागा नाही म्हणून दारापाशी तुमची हातातली बॅग खाली पाठवायला घेतली, तर तिच्यातली पॉवर बँक आधी बाहेर काढा. हे हमखास विसरतं.

आपल्याकडची आणखी एक वस्तू म्हणजे सुकं खोबरं. त्यात तेल भरपूर असतं आणि ते साठवणीत आपोआप तापू शकतं, म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत त्याची गणना धोकादायक मालात होते. चटणी-मसाल्यासाठी खोबऱ्याच्या वाट्या बांधून नेण्याआधी तुमच्या विमान कंपनीला विचारून घ्या.

मावशी आता दोन पिशव्या शेजारी ठेवून सामान भरते. प्रत्येक वस्तू उचलून ती दोन प्रश्न विचारते: हिने कोणाला मारता येईल का, आणि ही आपली आपण पेटेल का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर वस्तू मोठ्या बॅगेत जाते. दुसऱ्याचं हो आलं तर ती थांबते आणि नियम पाहते. तुम्हीही निघायच्या आदल्या रात्री हातातल्या पिशवीचे सगळे कप्पे पालथे करा, विशेषतः ऑफिसच्या बॅगेचा तो लहान बाजूचा कप्पा, जिथे कटर आणि जुना लायटर पडून असतो.