आठ पिक्सेलांची खूण

चित्र खरं की यंत्राने बनवलेलं, हे ओळखायला बहुतेक जण चित्रातल्या हातांची बोटं मोजतात. इटलीत नेपल्सच्या विद्यापीठात लुइसा व्हेर्दोलिव्हा आणि त्यांचे सहकारी २०२२ साली याच प्रश्नाकडे वळले तेव्हा त्यांनी चित्रात दिसणारं सगळंच बाजूला काढलं. चेहरे, झाडं, आभाळ गाळून टाकल्यावर खाली उरतो तो फक्त बारीक दाणेदार गोंगाट.

एका चित्राच्या गोंगाटातून काही उमगत नाही. पण एकाच मॉडेलने काढलेल्या शेकडो चित्रांचे असे गोंगाट घेऊन त्यांची सरासरी काढली, की चित्रागणिक बदलणारं सगळं एकमेकांना खोडून टाकतं आणि सर्वांत सारखं असलेलं तेवढं शिल्लक राहतं. त्या उरलेल्या भागाची वारंवारिता तपासली, तर स्टेबल डिफ्यूजनसारख्या मॉडेलांत काळ्या पटावर ठरावीक अंतरांवर ठळक ठिपके उमटतात. डॅल-ई २ मध्ये ते बरेच फिके होते, म्हणजे ही खूण सगळीकडे सारखी नसते. युक्ती तशी जुनीच. फोटो कोणत्या कॅमेऱ्याने काढला हे शोधण्यासाठी ती २००६च्या सुमारापासून वापरात आहे.

हे ठिपके येतात कुठून? स्टेबल डिफ्यूजन ५१२ पिक्सेल रुंदीचं चित्र थेट त्या आकारात काढतच नाही. गोंगाटातून हळूहळू आकार शोधण्याचं सगळं काम ते ६४ बाय ६४ घरांच्या एका लहानशा जाळीवर करतं. मग डिकोडर नावाचा भाग ती जाळी तीनदा दुप्पट करतो : १२८, २५६, ५१२. दर वेळी प्रत्येक घराच्या शेजारी त्याच्याच प्रती मांडायच्या आणि त्यावर गणिती गाळण फिरवून सांधे बुजवायचे, अशी ही रीत. सांधे पूर्ण बुजत नाहीत. छापखान्यातल्या रुळावरचा ओरखडा दर फेरीला कागदावर उमटावा, तसा हा किंचित असमतोल दर आठ, चार आणि दोन पिक्सेलांनी परत येत राहतो. उजेडाच्या २५६ पातळ्यांपैकी जेमतेम एकदोन पातळ्यांचा फरक. डोळ्यांना तो दिसणं शक्यच नाही.

आता हे चित्र प्रवासाला निघतं. समजा, १०२४ पिक्सेल रुंदीचं चित्र कुणी ६४० पिक्सेलचं केलं. आठ पिक्सेलांनी येणारी खूण आता पाच पिक्सेलांवर येते, चारची अडीचवर. तपासणारा जिथे शोधतो तिथे ती सापडत नाही. दोन पिक्सेलांनी येणारी खूण सव्वा पिक्सेलवर यायला हवी होती. पण पिक्सेलांच्या जाळीत दोनपेक्षा कमी अंतराने येणारी नक्षी मावतच नाही, म्हणून लहान करणारं सॉफ्टवेअर अशी बारीक नक्षी आधीच पुसट करून टाकतं. ती खूण तिथेच संपते.

उरलंसुरलं जेपेग संपवतं. मेसेजिंग अ‍ॅपवर फोटो पाठवला, की तो सहसा लहान होऊन पुन्हा जेपेगमध्ये दाबला जातो. जेपेग चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडतं, प्रत्येकातल्या नक्ष्यांचं बळ मोजतं आणि त्या आकड्यांना एका तक्त्यातल्या संख्यांनी भागून उत्तर पूर्णांकात बसवतं. प्रमाणित तक्त्यात ढोबळ नक्षीसाठी भाजक १६ आहे, सर्वांत बारीक नक्षीसाठी ९९. एकदोन पातळ्यांच्या खुणेचं बळ ९९ने भागलं तर बहुधा शून्यच हाती लागतं. शिवाय जेपेगचे स्वतःचे सांधेही दर आठ पिक्सेलांवरच पडतात! म्हणजे अस्सल फोटोतही त्याच अंतरावर ठिपके दिसू लागतात. प्रशिक्षणासाठी दिलेले खरे फोटो जेपेगमध्ये आणि बनावट चित्रं दुसऱ्या स्वरूपात असली, तर शोधक यंत्र बनावटपणाऐवजी जेपेगच ओळखायला शिकतं. अशी गफलत संशोधकांना नावाजलेल्या संग्रहांतही आढळली आहे.

काही शोधक तर तपासण्याआधी स्वतःच चित्र २२४ पिक्सेलवर आणतात, म्हणजे पुरावा बघण्यापूर्वीच पुसतात. नेपल्सच्या गटाचा आग्रह मूळ आकारातच तपासण्याचा आहे. प्रशिक्षणाच्या वेळी चित्रं मुद्दाम लहान करून आणि दाबून दाखवली, तर शोधक थोडा चिवट होतो, पण पुसलेली माहिती त्याने परत येत नाही. म्हणून चार गटांतून फिरून आलेल्या फोटोबद्दल ‘खुणा आढळल्या नाहीत’ असा निकाल आला, तर तो फोटोच्या प्रवासाविषयीही असू शकतो. मूळ फाइल मिळवता आली तरच पुढे बोलता येतं.

ती मिळाली आणि खूण सापडली, तरी आणखी एक पेच आहे. अस्सल फोटोतली एखादी विजेची तार पुसण्यासाठी तो अशा मॉडेलमधून काढला, तर पुष्कळदा सगळंच चित्र डिकोडरमधून बाहेर पडतं आणि खूण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उमटते. तार सोडली तर त्यातली माणसं, रस्ता आणि प्रसंग सगळं खरंच घडलेलं असतं.